'इन्फर्मेशन्स'मधला एस काढला तरी मेल परत आला, नेमकं काय चुकतंय?

सायली_नाशिक
नमस्कार मंडळी, मी एका लाकडी फर्निचर एक्स्पोर्ट करणाऱ्या छोट्या कंपनीत डिस्पॅच बघते, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, इंग्रजी मेल आता रोज लिहावे लागतात. गेल्या आठवड्यात बायरला पाठवायचा एक मेल आमच्या साहेबांना दाखवला तर त्यांनी तीन शब्दांवर लाल गोल करून परत दिला. मेल असा होता, इंग्रजी वाक्यं मराठीतच लिहिते म्हणजे सगळ्यांना मोबाईलवर वाचायला सोपं:

'वी हॅव अटॅच्ड मेनी इन्फर्मेशन्स अबाऊट द फर्निचर्स. दे आर पॅक्ड इन ४२ कार्टन्स. ईच फर्निचर हॅज अ लेबल. प्लीज गिव्ह अस युअर ॲडव्हायसेस सो दॅट वी कॅन फॉलो देम.'

गोल होते इन्फर्मेशन्स, फर्निचर्स आणि ॲडव्हायसेस यांवर. साहेब म्हणाले, या शब्दांना एस लागत नाही. बरं, मी तिन्ही ठिकाणचा एस काढला आणि परत दिला. तर आता चार नवीन गोल! मेनी, दे आर, ईच आणि देम. साहेब मीटिंगला निघून गेले, विचारायला मिळालं नाही. मला रडायलाच आलं खरं तर, कारण मी सांगितलं तेवढं केलं होतं. हे चार शब्द तर बरोबर आहेत ना? मग चुकलं कुठे? कोणी नीट समजावून सांगेल का, मेल उद्या जायचाय.

तयारी_२०२५
ताई हा टॉपिक आमच्या क्लासमध्ये झालाय, सोप्पंय, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल, त्याला एस लागत नाही. पाणी, हवा, साखर वगैरे. परीक्षेत स्पॉट द एररला हमखास येतो. कोणाकडे सगळ्या अनकाउंटेबल शब्दांची पीडीएफ असेल तर इथे टाका प्लीज, परीक्षा जवळ आलीय.

सायली_नाशिक
पण फर्निचर तर मोजता येतं की. मी रोज मोजते. या कन्साइनमेंटला १८ आहेत, १२ खुर्च्या आणि ६ टेबलं, पॅकिंग लिस्टवर माझीच सही असते.

खडू_फळा
सायलीताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न अगदी मोलाचा आहे, कारण 'एस काढा' इथेच बहुतेक जण थांबतात आणि खरी चूक त्याच्या पुढे असते.

आधी तुमच्या मोजण्याबद्दल. तयारी यांनी सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. साखर-पाण्याला तो नियम चालतो, पण फर्निचर मोजता येतं, पैसे तर आपण मोजतोच, तरी मनी हा शब्द इंग्रजीत अनकाउंटेबल. म्हणजे वस्तू मोजता येते का हा प्रश्नच नाही, त्या शब्दाच्या मागे आकडा लावता येतो का हा प्रश्न आहे.

मराठीतला 'सामान' शब्द घ्या. स्टँडवर हमाल विचारतो 'सामान किती आहे?' आपण 'चार सामान' म्हणतो का? नाही, आपण म्हणतो 'चार नग आहेत', जुनी माणसं म्हणायची 'चार डाग आहेत'. सामान समोर दिसतंय, मोजता येतंय, पण तो शब्द सगळ्या ढिगाचं एकत्र नाव आहे, आकडा लावायचा तर मध्ये नग आणावा लागतो. इंग्रजीत फर्निचर हा शब्द हुबेहूब असाच वागतो आणि तिथला नग म्हणजे पीस. खुर्ची हे वस्तूचं नाव, म्हणून चेअर्स चालतं. फर्निचर हे ढिगाचं नाव, म्हणून फर्निचर्स चालत नाही.

आता तुमचे चार गोल. एस हा फक्त वर दिसणारा कोंब आहे. तुम्ही मनात 'फर्निचर्स' असं अनेकवचन धरून वाक्य लिहिलं, म्हणून त्याच्या आजूबाजूचे शब्दही अनेकवचनाचे आले. दे आर आलं, देम आलं, मेनी आलं. नंतर एस खुडला, पण बाकीचं वाक्य अजून अनेकवचनातच उभं आहे. मराठीत 'मुलगे आले, त्यांना पाणी दे' यातलं मुलगे बदलून नुसतं मुलगा केलं तर 'मुलगा आले, त्यांना पाणी दे' होईल, तसं झालंय. आणि ईच फर्निचर मध्ये तर एस पहिल्यापासूनच नव्हता, पण ईच म्हणजे एकेक, आणि ढिगाच्या नावाला एकेक म्हणता येत नाही. 'प्रत्येक सामानाला लेबल आहे' असं आपणही म्हणणार नाही, 'प्रत्येक नगाला' म्हणू.

सायली_नाशिक
सर!! नग हा शब्द तर आमच्या गोडाऊनमध्ये दिवसातून शंभर वेळा येतो. हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मेल आता असा होईल का: 'वी हॅव अटॅच्ड मच इन्फर्मेशन अबाऊट द फर्निचर. इट इज पॅक्ड इन ४२ कार्टन्स. ईच पीस ऑफ फर्निचर हॅज अ लेबल. प्लीज गिव्ह अस युअर ॲडव्हाइस सो दॅट वी कॅन फॉलो इट.'

खडू_फळा
व्याकरण आता शुद्ध आहे. एकच टोचतंय, मच इन्फर्मेशन. मेनीच्या जागी मच हे सूत्र बरोबर, पण साध्या होकारार्थी वाक्यात नुसतं मच कानाला अवघडलेलं लागतं, ते नकारात आणि प्रश्नात शोभतं. होकारार्थी वाक्यात अ लॉट ऑफ लिहा. किंवा त्याहून सोपं, शब्दच बदला. 'वी हॅव अटॅच्ड डिटेल्स ऑफ द फर्निचर.' डिटेल्स मोजता येणारा शब्द आहे, एस हक्काचा आहे. मी मुलांना हेच सांगायचो, की अडलं तर शेजारचा मोजता येणारा शब्द घ्या. इन्फर्मेशनच्या शेजारी डिटेल्स, ॲडव्हाइसच्या शेजारी सजेशन्स किंवा टिप्स, लगेजच्या शेजारी बॅग्ज, वर्कच्या शेजारी जॉब्ज. दर वेळी पीस ऑफ, पीस ऑफ करत बसलं तर पत्र जड होतं.

एलसी_डेस्क
सायली, मी बँकेत ट्रेड फायनान्सला आहे, थोडं वेगळं सांगतो. एक तर ॲडव्हायसेस हा शब्द सरसकट चूक नाहीये. आमच्याकडे क्रेडिट ॲडव्हाइस, डेबिट ॲडव्हाइस, पेमेंट ॲडव्हाइस असे कागद असतात, इथे ॲडव्हाइस म्हणजे सल्ला नाही तर कळवल्याची नोंद, आणि ते कागद मोजता येतात, 'थ्री पेमेंट ॲडव्हायसेस' आम्ही रोज लिहितो, कोणीही चूक म्हणणार नाही. एलसी, म्हणजे बायरच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र, आली की ती कळवणाऱ्या बँकेला ॲडव्हायजिंग बँक म्हणतात, ती काही सल्ला देत नाही, फक्त कळवते.

आणि म्हणूनच तुझ्या मेलमध्ये मला तो शब्दच धोक्याचा वाटतो, एस असो नसो. एक्स्पोर्टमध्ये शिपिंग ॲडव्हाइस हे विकणाऱ्याने माल चढवल्यावर बायरला पाठवायचं पत्र असतं, जहाजाचं नाव, बिल ऑफ लेडिंग नंबर, निघाल्याची तारीख वगैरे. तू बायरकडेच ॲडव्हाइस मागितलीस तर तो म्हणेल ती तर तूच मला द्यायचीय. तुला काय हवंय? कुठल्या बंदरात, कुठला फॉरवर्डर, लेबल कसं, हेच ना? मग त्याला इन्स्ट्रक्शन्स म्हणतात, शिपिंग इन्स्ट्रक्शन्स. मोजता येतो, एस लागतो, देम पण चालतं. तुझं मूळ 'फॉलो देम' परत आणता येईल.

सायली_नाशिक
बापरे, हो, मला इन्स्ट्रक्शन्सच हव्या होत्या! डोक्यात 'आपला सल्ला कळवावा' होतं मराठीत, म्हणून ॲडव्हाइस आलं.

स्टुटगार्टचा_सांगलीकर
एक गंमत सांगतो, ही फक्त आपली चूक नाही. माझ्या ऑफिसातले जर्मन लोक सर्रास इन्फर्मेशन्स लिहितात, कारण त्यांच्या भाषेत इन्फॉर्माट्सिओन या शब्दाचं रीतसर अनेकवचन आहे, इन्फॉर्माट्सिओनेन. फर्निचरला म्योबेल म्हणतात, तेही अनेकवचनी वापरतात. माझी फ्रेंच कलीग पण तसंच, त्यांच्याकडेही माहितीचं अनेकवचन होतं आणि सल्ल्याचंही. म्हणजे जगात इंग्रजीच एकटी विचित्र आहे असं मला कधी कधी वाटतं.

पण आपल्याबाबतीत मला एक कळत नाही. जर्मन माणूस त्याच्या भाषेतून उचलतो, ठीक. आपण 'माहित्या' कुठे म्हणतो? मराठीत माहितीचं अनेकवचन होतच नाही. मग आपण इन्फर्मेशन्स कुठून आणतो?

खडू_फळा
फार चांगला मुद्दा काढलात. माझ्या वर्गातल्या वह्या आठवून सांगतो. इन्फर्मेशन्स मराठीतून येत नाही असं माझंही मत आहे. तो येतो इंग्रजी शिकण्याच्या पद्धतीतून, 'एकापेक्षा जास्त असेल तर एस लावा' हा नियम पाचवीत इतका घोटवला जातो की मूल जास्त दिसलं की एस लावतं. मराठीतून येतं ते दुसरं, 'ॲन इन्फर्मेशन'. आपण 'एक माहिती हवी होती' असं सहज म्हणतो, 'एक बातमी आहे' म्हणतो, तिथून 'आय वाँट ॲन इन्फर्मेशन', 'देअर इज अ न्यूज' येतं. ही चूक जास्त लपून राहते, कारण शब्दाला एस नसतो म्हणून डोळ्याला काही खटकत नाही. सायलीताई, तुमचे मेल तपासताना एस शोधण्यापेक्षा या शब्दांच्या मागे ॲन, ईच, एव्हरी, मेनी, फ्यू, दीज आहे का ते बघा.

बाकी सल्ले, पुरावे, उपकरणं, दागिने, बातम्या यांचं मराठीत अनेकवचन होतंच, तर ॲडव्हायसेस, एव्हिडन्सेस, इक्विपमेंट्स, ज्वेलरीज हे मात्र थेट मराठीतून आलेले. आणि सगळ्यात पक्के मराठी म्हणजे केस आणि पैसे. 'केस गळतात', 'पैसे संपले', 'तांदूळ निवडले'. हे आपल्याकडे अनेकवचनीच आहेत. तांदूळ संपले म्हणतो पण साबुदाणा संपला म्हणतो, पोहे झाले आणि उपमा झाला. दाणे दोन्हीकडे दाणेच. तेव्हा इंग्रजीला विचित्र म्हणताना आपणही जरा तांदळाकडे बघावं, तिकडे ओट्स अनेकवचनी आणि व्हीट मात्र अनकाउंटेबल, दोन्ही धान्यंच. भाषेने कधी काळी ठरवलं की हे दाणे सुटे बघायचे आणि हे रास म्हणून बघायचे, त्याला शेतातलं कारण शोधून सापडत नाही.

अंजली_डोंबिवली
केसांवरून आठवलं म्हणून लिहिते, विषय तोच आहे. माझ्या मुलाचा सातवीचा पेपर परवा मिळाला. त्यात त्याने दोन वाक्यं लिहिली होती. एक 'माय मदर हॅज लाँग हेअर्स', ते चूक दिलं, मान्य. पण दुसरं 'आय फाऊंड टू हेअर्स इन माय फूड' तेही चूक दिलंय, वर लाल शाईत 'हेअर इज अनकाउंटेबल' लिहिलंय. तो रडवेला झालाय की मग दोन केस सापडले हे लिहायचं कसं. मी पण गोंधळले. नेमकं काय?

खडू_फळा
अंजलीताई, तुमच्या मुलाचं दुसरं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, त्याला नक्की सांगा. डोक्यावरचे केस सगळे मिळून हेअर, ते ढिगाचं नाव, लाँग हेअर. पण सुटा एक केस, ताटात आलेला, कोटावर चिकटलेला, तो अ हेअर आणि दोन असतील तर टू हेअर्स. 'शी हॅज अ फ्यू ग्रे हेअर्स' हेही बरोबर, कारण तिथे चार-दोन पांढरे केस वेगळे काढून मोजलेत. म्हणूनच मी वर पीडीएफबद्दल काही बोललो नाही. यादी पाठ करणारा माणूस इथेच फसतो, कारण पुष्कळ शब्द दोन्हीकडचे असतात, अर्थ बदलला की बाजू बदलते. पेपर म्हणजे कागद असेल तर अनकाउंटेबल, पण वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर अ पेपर. आपण नाही का, पाऊस मोजत नाही, पण शेतकरी म्हणतो 'यंदा पेरणीनंतर दोनच पाऊस झाले'. बाईंना जाऊन शांतपणे दाखवा, डिक्शनरी घेऊन जा.

अंजली_डोंबिवली
खूप आभार सर. कुठली डिक्शनरी? घरी इंग्रजी-मराठी आहे त्यात असं काही दिलेलं नाही.

खडू_फळा
शिकणाऱ्यांसाठी ज्या लर्नर्स डिक्शनऱ्या असतात त्या घ्या, ऑनलाइन फुकट बघता येतात. त्यात प्रत्येक अर्थापुढे सी किंवा यू छापलेलं असतं, काउंटेबल की अनकाउंटेबल. शब्दापुढे नाही, अर्थापुढे, हे महत्त्वाचं. हेअरला एका अर्थापुढे यू दिसेल आणि दुसऱ्यापुढे सी.

तयारी_२०२५
सर मग परीक्षेत काय करायचं? तिथे तर एकच उत्तर बरोबर असतं. 'द सीनरीज ऑफ काश्मीर आर' असं आलं तर चूकच ना?

खडू_फळा
ते चूकच, निश्चिंत रहा. सीनरी इज. तसल्या प्रश्नात आधी क्रियापद बघ, आर दिसलं की मागचं नाम आर पेलतं का ते बघ. सीनरी, पोएट्री, मशिनरी, ज्वेलरी, स्टेशनरी, यांच्या शेवटाकडे बघ, 'री' आहे. असे बरेच ढिगाचे शब्द या शेपटीचे आहेत. पण आंधळेपणाने वापरू नकोस, बॅटरी आणि फॅक्टरी मोजता येतात.

कोडकर
मी आयटीत आहे, आमच्याकडे वेगळंच चालू आहे. फीडबॅक्स, सॉफ्टवेअर्स, लर्निंग्ज, ट्रेनिंग्ज, सगळं सगळे बोलतात, अमेरिकेतले मॅनेजरसुद्धा लर्निंग्ज म्हणतात. सॉफ्टवेअर्स चूक आहे हे मला माहितीय, पण मराठीत आपण 'दोन सॉफ्टवेअरं टाकली' म्हणतो की, मग तोंडात बसतं. आणि ई-मेल्स कसं चालतं मग? मेल तर अनकाउंटेबल होता ना पूर्वी, टपाल या अर्थाने?

स्टुटगार्टचा_सांगलीकर
ई-मेल्सबद्दल मला वाटतं की तिथे लोकांना एकेक मेसेज समोर दिसतो, इनबॉक्समध्ये आकडाच असतो, म्हणून तो मोजता येणारा झाला, आणि आता सगळ्या डिक्शनऱ्यांत आहे. टपालाचा गठ्ठा यायचा, म्हणून मेल ढिगाचा. उद्या सॉफ्टवेअर्सचंही तसं होईल. भारतात, नायजेरियात, सिंगापुरात करोडो लोक इक्विपमेंट्स आणि फर्निचर्स लिहितात आणि कोणाचाही गैरसमज होत नाही, मग ती चूक म्हणायची की त्या त्या देशातली इंग्रजी? ज्या देशात इतके लोक ती भाषा वापरतात त्यांचा काहीच हक्क नाही का?

खडू_फळा
हक्क आहे, पण ज्या मुलीचा मेल साहेब परत पाठवतात तिला मी हक्क सांगून काय करू? ई-मेल्स साऱ्या जगाने स्वीकारलं, फर्निचर्स अजून स्वीकारलेलं नाही, दोन्ही एकाच पारड्यात घालता येणार नाहीत. ट्रेनिंग्ज आणि लर्निंग्जबद्दल मात्र मी पैज लावणार नाही. ऑफिसात रुळलेत, मी स्वतः लिहीत नाही, ट्रेनिंग सेशन्स लिहितो.

स्टुटगार्टचा_सांगलीकर
यावर माझं आणि तुमचं जमणार नाही सर, पण तुमचा नग मी माझ्या मुलीला शिकवणार आहे.

एलसी_डेस्क
सायलीसाठी अजून एक. तुझ्या इनव्हॉइसवर एचएस कोड असेल, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या प्रकाराचा नंबर, फर्निचरचा चॅप्टर ९४. त्यात खुर्च्यांचं हेडिंग ९४०१ आहे, तिथे सीट्स लिहिलंय, एस लावून. टेबलांचं ९४०३, तिथे लिहिलंय 'ऑदर फर्निचर अँड पार्ट्स देअरऑफ'. एकाच ओळीत फर्निचरला एस नाही आणि पार्ट्सला आहे. खडू सर म्हणतात ते ढिगाचं नाव आणि सुट्या वस्तूचं नाव, दोन्ही तुझ्याच कागदावर रोज छापून येतात. अडलं की ते बघ.

आणि 'इट इज पॅक्ड इन ४२ कार्टन्स' याच्या आधी नग पण लिही, १८ पीसेस. टेबलं सुटी करून पॅक करता ना, म्हणून ४२ कार्टन्स होतात. नुसतं ४२ वाचून बायरला ४२ फर्निचर वाटू शकतं. तुझी पहिली चूक तशी व्याकरणाची, पण तिच्यामुळे मोजणीचाही घोळ झाला असता.

डॅमेजबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो. माल फुटला तर क्लेमच्या पत्रात डॅमेजेस लिहू नको, डॅमेज लिही. डॅमेजेस म्हणजे कोर्टाकडून मिळणारी नुकसानभरपाई. 'वी फाऊंड मेनी डॅमेजेस' या वाक्याने वकिलाला भलताच अर्थ लागेल.

सायली_नाशिक
मेल गेला! सकाळी साहेबांनी वाचला, एकही गोल नाही, सही केली. शेवटी असा झाला:

'वी हॅव अटॅच्ड डिटेल्स ऑफ द फर्निचर. द ऑर्डर हॅज १८ पीसेस, १२ चेअर्स अँड ६ टेबल्स, पॅक्ड इन ४२ कार्टन्स. ईच कार्टन हॅज अ लेबल. प्लीज सेंड अस युअर शिपिंग इन्स्ट्रक्शन्स सो दॅट वी कॅन फॉलो देम.'

ईच पीसचं ईच कार्टन मीच केलं, कारण लेबल खोक्याला असतं, टेबलाला नाही, हे लिहिताना लक्षात आलं. ९४०३ ची ओळ पण बघितली, खरंच तशीच आहे, तीन वर्षं तो कागद हाताळतेय आणि कधी वाचलीच नव्हती.

अजून एक विचारू का? पॅकिंगच्या लिस्टमध्ये आम्ही थर्मोकोल, बबल शीट, कोरुगेटेड बॉक्स सगळं मिळून पॅकिंग मटेरिअल लिहितो, जुन्या फाइलमध्ये काही ठिकाणी मटेरिअल्स आहे. यातलं कुठलं ठेवू?

कोडकर
आम्ही तर मटेरिअल्स लिहितो.

एलसी_डेस्क
मी दोन्ही बघितलेत, बँकेने कधी डिस्क्रिपन्सी काढली नाही. पण एका फाइलमध्ये एकच ठेव, आणि एलसीमध्ये जसं टाइप केलंय अगदी तसंच.

खडू_फळा
सगळं मिळून म्हणत असाल तर मटेरिअल, वेगवेगळ्या तीन प्रकारांवर बोट ठेवत असाल तर मटेरिअल्स. तुमच्या लिस्टमध्ये तिन्हींची नावं खाली वेगवेगळी लिहिलीत का?

सायली_नाशिक
कधी लिहितो, कधी नाही सर. उद्या फाइल काढून बघते.